‘मायसेल्फ’ म्हटलं म्हणून नोकरी गेली का?

*सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला. बीएस्सी ॲग्री झालो. एका बियाणे कंपनीत फिल्ड असिस्टंटच्या जागेसाठी ऑनलाइन मुलाखत दिली. सुरुवातीलाच ‘मायसेल्फ अमुक अमुक, फ्रॉम राळेगाव’ म्हटलं, तर समोरचे एक साहेब गालात हसले. नोकरी काही मिळाली नाही. पुण्यातल्या मावसभावाला माझी ओळख लिहिलेला मेसेज दाखवला तर तो म्हणाला, ह्याच शब्दानं तुझं काम बिघडलं. आम्हाले तर शाळेपासून हेच ऐकू आलं. आणि सारखं ‘आय, आय’ म्हटलं की मोठेपणा मिरवल्यासारखं वाटते. आता इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या म्हटल्या तरी हात थांबते. काय करू?*

मित्रा,

मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूनं मीही बसलेलो आहे, म्हणून आधी त्या हसण्याबद्दल बोलतो. फिल्ड असिस्टंट घ्यायचा असला की समोरच्यांच्या डोक्यात वेगळेच प्रश्न असतात. हा पोट्टा उन्हातान्हात बांधावर जाईल का? शेतकऱ्याशी धड बोलेल का? पानावरचे डाग बघून रोग कोणता आणि अन्नद्रव्याची कमतरता कोणती हे त्याला कळतं का? ‘मायसेल्फ’ ऐकल्याबरोबर कोणी फाईल मिटत नाही, कारण देशभरातले कितीतरी उमेदवार याच शब्दानं सुरुवात करतात. नोकरी त्या शब्दानं गेली हे तुझ्या मावसभावाला माहीत असण्याचं कारण नाही. ते माहीत असलेली माणसं त्या स्क्रीनच्या पलीकडं होती, आणि त्यांना विचारायला काहीच हरकत नाही. त्याचा मेसेज कसा लिहायचा ते पुढं सांगतो.

पण म्हणून तो शब्द तसाच राहू दे, असं मी म्हणणार नाही. तो खटकतो, आणि नेमका पहिल्या वाक्यात खटकतो. एकदा कान भाषेकडं वळला की ऐकणारा तू काय सांगतोस यापेक्षा कसं सांगतोस तेच ऐकत बसतो. तुला कपाशीतलं जे येतं ते त्याच्यापर्यंत पोचायला उशीर होतो. एवढं नुकसान होतं, आणि ते टाळणं तुझ्या हातात आहे.

हा शब्द तुझ्या तोंडी आला कुठून, ते बघितलं की सोडणं सोपं जाईल. मला त्याच्या तीन वाटा दिसतात.

पहिली शाळेची. ‘मायसेल्फ’ नावाचा दहा ओळींचा निबंध आपण सगळ्यांनीच पाठ केला. वहीत हा शब्द वर मधोमध, खाली रेघ मारून लिहिलेला असतो आणि त्यानंतर ‘माय नेम इज’ सुरू होतं. शीर्षक म्हणून तो बरोबरच आहे. पण पोरगं वर्गात उभं राहून म्हणायला लागलं की शीर्षकासकट म्हणतं, मधली ‘माय नेम इज’ची ओळ हळूहळू गळते आणि उरतं ‘मायसेल्फ प्रफुल्ल’. तुझं नाव छापत नाही, उदाहरणापुरतं प्रफुल्ल म्हणू. भरीला मुलाखतीत प्रश्न येतो ‘इंट्रोड्यूस युअरसेल्फ’ नाहीतर ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’. प्रश्नात ‘युअरसेल्फ’ आलं म्हणजे उत्तरात ‘मायसेल्फ’ यायला पाहिजे, असं डोकं आपसूक धरून चालतं.

दुसरी वाट आपल्या वाक्याच्या घडणीची. फोनवर कोणी ‘कोन बोलते?’ म्हटलं की आपण सांगतो, ‘मी प्रफुल्ल, राळेगावचा.’ यात ‘आहे’ कुठंच नाही आणि तरी वाक्य पुरं आहे. मराठीत ते चालतं. इंग्रजीत ‘आय प्रफुल्ल’ चालत नाही, आणि ते चुकल्यासारखं आपल्यालाही जाणवतं. मग ‘आय’च्या जागी ‘मायसेल्फ’ ठेवलं की तेच बिनक्रियापदाचं वाक्य भारदस्त वाटायला लागतं. म्हणून नुसता शब्द बदलून भागत नाही. ‘मायसेल्फ’ काढलं की त्या जागी ‘आय’ आणि ‘ॲम’ ही जोडी यायला पाहिजे: ‘आय ॲम प्रफुल्ल.’ माझे विद्यार्थी इथंच अडतात. ते ‘मायसेल्फ’ सोडतात आणि ‘आय प्रफुल्ल’वर येऊन थांबतात, मग दोन्हीही बरं वाटत नाही म्हणून परत जुन्यावर जातात.

तिसरी वाट तुझ्या पत्रातच आहे, आणि तीच सगळ्यात खोल गेलेली आहे. ‘आय’ म्हणताना तुला मिरवल्यासारखं वाटतं, कारण आपल्याकडं सारखं ‘मी, मी’ करणारा माणूस चांगला समजत नाहीत. त्यातून वाट काढायला आपल्याकडं ‘आपण’ आहे, तुझ्यामाझ्या बोलीतला ‘आपुन’. ‘आपुन काय बाप्पा, शेतकऱ्याचं पोट्टं’ असं म्हटलं की बोलणारा स्वतःबद्दलच बोलतो, पण मीपणा लागत नाही. समोरच्या मोठ्या माणसालाही आपण ‘आपण कुठून आलात?’ असंच विचारतो. एकाच शब्दात नम्रता आहे, आदर आहे, आणि ‘आपला आपण’ म्हणताना स्वतःकडं वळलेला अर्थही आहे. इंग्रजीत अशी सोय शोधताना हाताला ‘मायसेल्फ’ आणि ‘युअरसेल्फ’ लागतात. लांब आहेत, जरा अदबीचे वाटतात. म्हणून ‘कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ आणि ‘हाऊ इज युअरसेल्फ, सर?’ असं लिहिलं जातं.

तुझ्या मनातली अदब खरी आहे. पण इंग्रजी ‘आय’मध्ये अहंकार नसतो, कारण त्या भाषेत पूर्ण वाक्य त्याच्याशिवाय उभं राहत नाही. ‘पोचलो’ म्हटलं की आपल्या क्रियापदातच ‘मी’ येऊन जातो. इंग्रजी ‘रीच्ड’मध्ये तो येत नाही, मी पोचलो की तू की ते, काही कळत नाही. त्यामुळं ‘आय’ तिथं नाइलाजानं येतो, मिरवायला नाही. इंग्रजीतली अदब ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘थँक यू’ यांत असते. ती तिथं दाखव, ‘मायसेल्फ’कडून ते काम करून घेऊ नको.

मग ‘मायसेल्फ’चं काम काय? आपल्या ‘स्वतः’सारखंच. ‘मी स्वतःला आरशात बघितलं’ यात बघणारा मी आणि बघितलेलाही मीच. इंग्रजीत ‘आय सॉ मायसेल्फ इन द मिरर’. दुसरं काम जोर देण्याचं, ‘मी स्वतः गेलो’. तिसरं एकट्यानं केल्याचं, ‘बाय मायसेल्फ’, म्हणजे कोणाच्या मदतीशिवाय. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. ‘मायसेल्फ’ यायच्या आधी त्या वाक्यात ‘आय’ येऊन गेलेला असतो. ‘मायसेल्फ’ त्याच्या मागं चालणारा शब्द आहे, एकट्यानं पुढं येऊन वाक्य सुरू करायचं काम आजच्या साध्या इंग्रजीत त्याच्याकडं नाही.

याची चाचणी तू मराठीतच घेऊ शकतोस. मेसेज पाठवायच्या आधी जिथं ‘मायसेल्फ’ लिहिलं तिथं ‘स्वतः’ किंवा ‘स्वतःला’ ठेवून वाच. ‘स्वतः प्रफुल्ल, राळेगावचा’ असं कोणी ओळख देताना म्हणत नाही. म्हणजे तिथं ‘आय ॲम’ पाहिजे. ‘अधिक माहितीसाठी स्वतःला फोन करा’ हे वाच. वाचणाऱ्यानं स्वतःलाच फोन लावायचा, असा अर्थ होतो! आपल्याला म्हणायचं होतं ‘मला फोन करा’, म्हणजे ‘प्लीज कॉल मी’. आणि ‘आमच्या वावरातले कामगंध सापळे मी स्वतः तपासतो’ हे वाच. हे अगदी बरोबर बसतं, म्हणून ‘आय चेक द फेरोमोन ट्रॅप्स मायसेल्फ’ हेही बरोबर.

ही चाचणी काही ठिकाणी फसते, तेही सांगून ठेवतो. ‘लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ’ हे इंग्रजी बरोबर आहे, पण मराठीत आपण ‘माझी ओळख करून देतो’ म्हणतो, ‘स्वतः’ येत नाही. ‘आय एन्जॉइड मायसेल्फ’चंही तसंच, आपण नुसतं ‘मजा आली’ म्हणतो. अशा गोष्टी सवयीनंच येतात. पण ओळख आणि छोटे मेसेज एवढ्यापुरती चाचणी पुरते.

आणखी एक सापळा आपल्या मराठी कानाचा आहे. इंग्रजीतला ‘मी’ ऐकायला आपल्या ‘मी’सारखा, पण काम करतो ‘मला’चं. आपल्या ‘मी’चं काम करतो ‘आय’. हा घोळ टाळायलाही पुष्कळ लोक मधला मार्ग म्हणून ‘मायसेल्फ’ लिहितात, कारण तो दोन्हीकडं चालेलसं वाटतं. तिथं स्वतःला एवढंच विचारायचं, मराठीत ‘मी’ म्हटलं असतं की ‘मला’? ‘मी’ असेल तर ‘आय’, ‘मला’ असेल तर इंग्रजी ‘मी’. ‘मला पाठवा’, ‘मला सांगा’, ‘मला कळवा’: ‘सेंड मी’, ‘टेल मी’, ‘लेट मी नो’.

आता तुझा मेसेज घेऊ. तू पाठवलेल्या प्रतीत असं आहे: ‘गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ प्रफुल्ल फ्रॉम राळेगाव. मायसेल्फ कम्प्लीटेड बीएस्सी ॲग्री. मायसेल्फ हॅविंग फोर एकर्स कॉटन. फॉर एनी डिटेल्स कॉन्टॅक्ट मायसेल्फ.’

पहिल्या वाक्यात ‘आय ॲम प्रफुल्ल, फ्रॉम राळेगाव इन यवतमाळ डिस्ट्रिक्ट’. जिल्हा घाल, कारण मुंबईत किंवा हैदराबादेत बसलेल्या माणसाला राळेगाव कळणार नाही. हाच मेसेज अनोळखी नंबरवर व्हॉट्सॲपनं पाठवायचा असेल किंवा फोन लावला असेल, तर ‘धिस इज प्रफुल्ल, फ्रॉम राळेगाव’ जास्त बरं. समोर दिसत नसताना इंग्रजीत ओळख देण्याची ती रीतच आहे. समोरासमोर किंवा व्हिडिओवर मात्र ‘आय ॲम’.

दुसरं वाक्य ‘आय हॅव कम्प्लीटेड बीएस्सी ॲग्रिकल्चर’. इथं ‘ॲम’ लावायचं नाही, कारण ‘हॅव कम्प्लीटेड’ हे क्रियापद आधीच आहे. ‘मायसेल्फ’ काढताना वाक्यात क्रियापद आहे का ते बघ. नसेल तरच ‘ॲम’ आण. ‘आय ॲम कम्प्लीटेड’ असं लिहिलं तर एक चूक काढून दुसरी घातल्यासारखं होतं.

तिसऱ्या वाक्यात शेत तुझं एकट्याचं नाही, घरचं आहे. मग ‘आय’ हवाच कशाला? ‘माय फॅमिली ग्रोज कॉटन ऑन फोर एकर्स.’ सारखं ‘आय’ म्हणायचा तुझा संकोच इथं आपोआप कमी होतो. वाक्याचा कर्ता बदलता येतो: माझं घर, माझं गाव, माझा प्रोजेक्ट. आणि ह्याच वाक्याला लागून तुझ्या हक्काचा ‘मायसेल्फ’ येऊ दे: ‘आय चेक द फेरोमोन ट्रॅप्स मायसेल्फ.’ हे ऐकून बियाणे कंपनीचा माणूस कान टवकारेल. तो लगेच विचारेल, किती पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा? गुलाबी बोंडअळीसाठी एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री, हे तुला अभ्यासानंही माहीत आहे आणि वावरातूनही. तेव्हा ज्या शब्दाची तुला आता धास्ती वाटते तोच तुझं काम पुढं आणतो. कोणीतरी दुसऱ्यानं नाही, मी स्वतः केलं, हे सांगायला त्याच्याइतका नेमका शब्द इंग्रजीत नाही.

शेवटचं वाक्य ‘प्लीज कॉल मी फॉर एनी डिटेल्स’. झालं. मेसेज थोडासाच लांबला.

नोकरीबद्दल विचारायचा मेसेज असा लिही: ‘गुड मॉर्निंग सर. धिस इज प्रफुल्ल. आय ॲटेंडेड द इंटरव्ह्यू फॉर फिल्ड असिस्टंट. कुड यू प्लीज टेल मी व्हेअर आय शुड इम्प्रूव्ह? थँक यू.’ उत्तर येईलच असं नाही. आलं, तर मावसभावाच्या अंदाजापेक्षा ते कामाचं असेल.

दोन माणसं आली की सुशिक्षितही घसरतात. ‘वैभव अँड मायसेल्फ व्हिजिटेड द प्लॉट’, ‘प्लीज कॉन्टॅक्ट वैभव ऑर मायसेल्फ’. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्या ऑफिसच्या पत्रांतही हे दिसतं. लहानपणी इंग्रजी ‘मी’ची चूक काढली गेलेली असते, म्हणून तो लिहायला भीती वाटते आणि ‘मायसेल्फ’ सुरक्षित वाटतो. उपाय सोपा आहे. वैभवला क्षणभर बाजूला कर आणि वाक्य वाच. ‘आय व्हिजिटेड द प्लॉट’, म्हणून ‘वैभव अँड आय व्हिजिटेड’. ‘कॉन्टॅक्ट मी’, म्हणून ‘कॉन्टॅक्ट वैभव ऑर मी’. स्वतःचं नाव मागं ठेवायची रीत इंग्रजीतही आहे, तेव्हा अदबही सांभाळली जाते.

ग्रुपवर कोणी लिहिलं ‘आय ॲम कमिंग’, तर खाली ‘मायसेल्फ ऑल्सो’ न लिहिता ‘मी टू’ लिही. इथं इंग्रजीतला ‘मी’च येतो. ‘मी’ म्हणजे ‘मला’ ह्या नियमात हे बसत नाही, रूढी म्हणून तसंच घे. आणि घाईत मित्राला किंवा सहकाऱ्याला कळवायचं असेल तर ‘आय’ गाळलास तरी चालतं: ‘रीच्ड ऑफिस’, ‘विल कॉल ॲट टेन’. अर्जात, मेलमध्ये किंवा अनोळखी माणसाला लिहिताना मात्र गाळू नको.

लिहिताना तुला थांबून चाचणी घेता येते, बोलताना तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून पूर्ण ओळख पाठ करू नकोस. पाठ केलेली ओळख मधे कोणी प्रश्न विचारला की विसकटते. फक्त पहिलं वाक्य पक्कं कर, ‘आय ॲम प्रफुल्ल, फ्रॉम राळेगाव इन यवतमाळ डिस्ट्रिक्ट’, आणि ते मोठ्यानं म्हण. मोटार सुरू करायला वावरात जाताना म्हण, तिथं ऐकायला कोणी नसतं. तोंड ‘मायसेल्फ’च्या ‘मा’ला वळायच्या आधी ‘आय’वर पोचलं पाहिजे. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकलंस तर ‘ॲम’ गिळला जातो का ते कळेल. घाईत ‘आय’म’ असं जोडून म्हटलं तरी बरोबर, पण ते ‘म’ ऐकू यायला पाहिजे.

मावसभावाशी वाद घालू नकोस. शब्द खटकतो इतकं त्याचं बरोबर आहे. त्या एका शब्दावरून त्यानं जो निष्कर्ष काढला तेवढा मात्र तू मनावर घेऊ नको. आणि गावातलं कोणी पोरगं तुझ्यासमोर ‘मायसेल्फ’नं सुरुवात करेल तेव्हा त्याला चारचौघांत अडवू नको. बाजूला घेऊन ‘स्वतः’ची चाचणी दाखव, त्याला ती लगेच समजते.

पुढच्या मुलाखतीत चुकून ‘मायसेल्फ प्रफुल्ल’ निघालंच, तर थांबून ‘सॉरी सर’ म्हणत वाक्य दुरुस्त करत बसू नकोस, त्यानं लक्ष उलट चुकीकडंच जातं. पुढचं वाक्य ‘आय’नं सुरू कर आणि सरळ कपाशीवर ये.